नदीच्या छायाचित्रावरून उकियो-ए पद्धतीचा लाकडी ठशाचा छाप: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

नदीचे एखादे आवडते छायाचित्र हाताशी असते, जपानी लाकडी ठशांचे छाप पाहून तसेच काही करावे असे वाटते आणि मग पहिली अडचण पाण्यापाशीच येते. पूल, काठ, झाडे यांच्या कडा छायाचित्रात स्पष्ट दिसतात, त्यामुळे त्या गिरवता येतात. पाण्याला मात्र कडाच नसते. तिथे फक्त चकाकी, प्रतिबिंबे आणि हजारो बारीक तरंग असतात. ते जसेच्या तसे गिरवून लाकडावर उतरवले तर छापात पाणी न दिसता खरबरीत जमीन दिसते. म्हणून या लेखात कोरण्याच्या आणि छपाईच्या पायऱ्या तर आहेतच, पण सर्वांत अधिक जागा मी रेखाटनाला दिली आहे. ठसा कोरायला घेण्यापूर्वी छायाचित्रातील पाण्याचे रंगांच्या सपाट पट्ट्यांत आणि मोजक्या रेषांत रूपांतर करणे, हेच या कामातील खरे अवघड काम आहे.

उदाहरणासाठी मी तोक्योतील सुमिदा नदीवरील कियोसु पुलाचे छायाचित्र घेतले आहे. हा निळा झुलता पूल १९२८ साली पूर्ण झाला. त्याच्या वरच्या अंगाला शिन-ओहाशी पूल आहे. त्या पुलाच्या जुन्या लाकडी रूपावर कोसळणारी पावसाची सर चित्रकार हिरोशिगेने १८५७ साली चितारली, आणि नदीचे पाणी किती थोडक्यात सांगता येते हे शिकण्यासाठी तो छाप जवळून पाहण्यासारखा आहे. माझ्या छायाचित्रात वर आकाश, मध्ये पूल आणि पलीकडच्या काठावरील इमारती, खाली पाणी, आणि पाण्यात उजवीकडे एक होडी आहे. तुमची नदी कोणतीही असली तरी पायऱ्या याच राहतील.

## १. साहित्य जमवणे

पहिल्या छापासाठी चित्राचा आकार १५ × २१ सेंटिमीटर ठेवा. कागद १९ × २५ सेंटिमीटरचा आणि लाकूड साधारण २२ × ३० सेंटिमीटरचे घ्या, कारण कागद दरवेळी त्याच जागी बसावा म्हणून ज्या खुणा कोराव्या लागतात त्या चित्राबाहेरील समासात येतात.

- लाकूड: जपानमध्ये परंपरेने रानचेरीचे लाकूड वापरत. नवशिक्यांसाठी शिना प्लायवुड उत्तम. ते न मिळाल्यास गुळगुळीत बर्च प्लायवुड घ्या. ९ मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्या, म्हणजे कोरण्यासाठी चार बाजू मिळतात.
- हत्यारे: तिरप्या पात्याची एक चांगली सुरी, ३ आणि ६ मिलिमीटरच्या गोल पटाश्या, एक सपाट पटाशी आणि धार लावण्याचा दगड.
- कागद: कोझोच्या तंतूंचा जपानी हातकागद, मात्र सरस आणि तुरटीचा हात दिलेला. तसा हात न दिलेल्या कागदात रंग फुटतो.
- रंग: ट्यूबमधील जलरंग चालतात. प्रशियन ब्लू, काळी शाई आणि एखादा मातकट पिवळा एवढे पुरेसे आहे.
- तांदळाची पातळ, गाठी नसलेली खळ.
- आखूड केसांचे ब्रश, प्रत्येक रंगाला एक.
- बारेन, म्हणजे बांबूच्या कोंबावरील आवरणाने मढवलेली गोल चकती, जिने कागदाच्या पाठीवर दाब देतात.

छपाईचे यंत्र लागत नाही. पैसे वाचवायचे असतील तर ब्रश आणि बारेन साधे घ्या, परंतु सुरी आणि कागद यांत तडजोड करू नका.

## २. छायाचित्रातून रंगांच्या पट्ट्या काढणे

प्रथम छायाचित्रातील छटा कमी करून पाहा. GIMP या चित्रसंपादनाच्या संगणक-प्रणालीत चित्र उघडून पुढील क्रमाने आज्ञा द्या:

```
Colors > Desaturate > Desaturate...
Filters > Blur > Gaussian Blur...
Colors > Posterize...
```

Posterize मध्ये पातळ्या ४ ठेवा. त्याआधी चित्र धूसर करणे आवश्यक आहे. ती पायरी गाळली तर पाण्यावरील प्रत्येक चकाकी वेगळा ठिपका होऊन उरते. जे चित्र मिळेल ते छापायचे नसून केवळ वाचायचे आहे. सर्वांत गडद भाग कुठे एकवटतो, फिकट भाग कुठे सलग राहतो, आणि पाण्यात आडव्या पट्ट्या किती दिसतात, एवढेच त्यातून घ्या.

माझ्या छायाचित्रात पाण्याचे तीन भाग स्पष्ट झाले: पलीकडच्या काठाजवळ आकाश परावर्तित होऊन पडलेली फिकट पट्टी, पुलाखालची गडद पट्टी, आणि अगदी जवळचे, पुन्हा गडद होत जाणारे पाणी. एरवी ज्या निळ्या-राखाडी छटा दिसत होत्या त्या सगळ्या मी सोडून दिल्या. जपानी छापांत जवळचे पाणी खालच्या कडेकडे गडद होत जाते आणि आकाशाच्या वरच्या कडेला निळ्याची एक पट्टी हळूहळू विरते. या दोन विरत्या छटा आणि मधले सपाट रंग यांवरच खोलीचा आभास उभा राहतो. म्हणून पट्ट्या ठरवताना स्वतःला विचारा की कोणती पट्टी सपाट राहणार आणि कोणती विरत जाणार.

यानंतर हिशेब कागदावर मांडा. माझा हिशेब असा झाला. पहिल्या बाजूवर पूल, इमारती आणि होडी यांच्या काळ्या रेषा. दुसऱ्या बाजूवर इमारती आणि होडी यांसाठी मातकट रंग. तिसऱ्या बाजूवर आकाश आणि पाणी यांची पूर्ण क्षेत्रे. चौथ्या बाजूवर गडद निळा, म्हणजे पुलाचे अंग, पुलाखालची गडद पट्टी आणि पाण्याच्या सर्व रेषा. तिसरी बाजू दोनदा छापायची: एकदा फक्त पाण्यावर फिकट निळा देऊन, आणि नंतर आकाशाच्या वरच्या व पाण्याच्या खालच्या कडेला विरती छटा देऊन. अशा रीतीने चार बाजूंवरून पाच छपाया होतात. जलरंग पारदर्शक असल्यामुळे फिकट निळ्यावर गडद निळा पडला की निळ्याची आणखी एक छटा आपोआप मिळते. तिच्यासाठी वेगळा ठसा कोरण्याची गरज नाही.

पाण्याच्या रेषा काळ्या न ठेवता निळ्या ठेवण्याचा निर्णय जाणीवपूर्वक घ्या. प्रशियन ब्लू जपानमध्ये १८३० च्या सुमारास मुबलक मिळू लागला आणि चित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेतील अनेक चित्रांत तर बाह्यरेषासुद्धा निळ्याच छापल्या गेल्या. काळी रेषा वस्तूला घट्ट करते. पुलाला ती शोभते. पाण्याला ती जड होते.

## ३. पाणी रेषांत मांडणे

छायाचित्रावर पातळ कागद ठेवून आधी पूल, काठ आणि होडी गिरवा. बाह्यरेषा ठळक ठेवा, साधारण १ ते १.५ मिलिमीटर, आणि पुलाच्या दोरांसारखे तपशील निम्म्याहून कमी करा. कियोसु पुलाला प्रत्यक्षात कितीतरी उभे दांडे आहेत. १५ सेंटिमीटर उंचीच्या चित्रात ते सगळे घेतले तर दोन दांड्यांमधली जागा रंगाने भरून जाते. दोन रेषांमध्ये किमान दीड मिलिमीटर मोकळी जागा हवी, हा नियम पाण्यालाही लागू आहे.

मग छायाचित्र बाजूला ठेवा. पाणी गिरवायचे नाही, रचायचे आहे. त्यासाठी तीन प्रकारच्या रेषा पुरतात.

शांत पाण्यासाठी लांब, आडव्या, दोन्ही टोकांना निमुळत्या होत जाणाऱ्या रेषा काढा. काठाजवळ त्यांच्यातील अंतर दोन मिलिमीटर ठेवा आणि खाली येताना ते वाढवत न्या. माझ्या चित्रात तळाशी ते सुमारे बारा मिलिमीटर झाले. रेषांची जाडीही खाली येताना वाढते, म्हणजे काठाजवळ पाऊण मिलिमीटर आणि तळाशी दीड. अंतर आणि जाडी यांच्या या वाढीमुळेच पाणी आडवे पसरलेले दिसते. सर्वत्र सारखे अंतर ठेवले तर तेच पाणी उभ्या भिंतीसारखे भासते, आणि नवशिक्यांच्या छापांत सर्वाधिक आढळणारा दोष हाच आहे.

प्रतिबिंबासाठी पुलाखालच्या गडद पट्टीची खालची कडा सरळ न ठेवता तिचे लांबट, भिंगासारखे तुकडे करा. पट्टीपासून जसजसे दूर जाल तसतसे तुकडे छोटे आणि विरळ होऊ द्या. पुलाच्या खांबांपाशी पाणी अडते, तिथे दोन-तीन वळणाऱ्या रेषा खांबाला वळसा घालून प्रवाहाच्या दिशेने एकत्र येताना दाखवा.

तिसरा प्रकार होडीमागे उठणाऱ्या लाटेचा. इथे शैलीला मोकळा वाव आहे. लाटेची पाठ एका सलग, फुगीर रेषेने काढा. तिच्या आतून तिला समांतर अशा दोन किंवा तीन रेषा वळवा. आणि माथ्यावर फेसाची छोटी, आकड्यासारखी वळलेली टोके काढा. फेसाचा पांढरा म्हणजे कोरा कागद. त्यामुळे ती टोके फिकट निळ्याच्या ठशातूनही वगळावी लागतात, हे आत्ताच खुणेने लिहून ठेवा. एकाच होडीमागे अशा दोन लाटा पुरतात. सुमिदासारख्या संथ नदीत समुद्राच्या लाटा आल्या की चित्र खोटे पडते. तसेच कापडावर दिसणारी एकात एक अर्धवर्तुळांची नक्षी पाण्यावर सरसकट पसरवू नका. ती नक्षी म्हणून सुंदर असली तरी तिच्यात जवळचे आणि दूरचे पाणी सारखेच दिसते.

रेखाटन पूर्ण झाले की त्याची एक स्वच्छ प्रत काढून ठेवा. मूळ रेखाटन ठशावर चिकटवल्यावर नष्ट होते, आणि पाण्याच्या रेषा पुढे गडद निळ्याच्या ठशावर याच प्रतीवरून उतरवायच्या आहेत.

## ४. रेषांचा ठसा कोरणे

पातळ कागदावर फक्त काळ्या रेषांचे चित्र काढा आणि त्याच कागदावर समासात जुळणीच्या दोन खुणा आखा: खालच्या डाव्या कोपऱ्यात काटकोन आणि खालच्या कडेला उजवीकडे एक सरळ रेघ, म्हणजे पालथे चिकटवल्यावर ठशावर काटकोन उजवीकडे येईल. लाकडावर खळीचा अगदी पातळ हात देऊन चित्र पालथे चिकटवा. पालथे चिकटवल्यामुळे ते आपोआप उलटे होते, म्हणून संगणकावर आधीच उलटवून घेऊ नका. तसे केल्यास छापात नदी उलटी वाहील. खळ कागदाला न लावता लाकडाला लावावी, कारण ओला कागद ताणला जातो. वाळल्यावर बोटाने कागदाची वरची साल हळुवार चोळून काढा आणि तेलाचा एक थेंब पसरा, म्हणजे रेषा ठळक दिसतील.

लाकडाचे तंतू चित्रात आडवे येतील अशीच फळी धरा. लांब आडव्या रेषा तंतूंच्या दिशेने कोरल्या तर टिकतात, तंतूंना छेदून कोरल्या तर तुटतात.

सुरीने पहिला छेद रेषेच्या अगदी कडेने घ्या, पण पाते असे कलते धरा की रेषेचा पाया माथ्यापेक्षा रुंद राहील. दुसरा छेद थोड्या अंतरावरून समोरून तिरपा घेतला की मधला बारीक ढलपा निघून येतो. रेषेच्या दोन्ही बाजू अशा मोकळ्या झाल्यावरच गोल पटाशीने उरलेले लाकूड काढा. रेषेलगत दीड-दोन मिलिमीटर खोली पुरते. जिथे मोठी मोकळी जागा आहे तिथे तीन-चार मिलिमीटर जा, कारण बारेनच्या दाबाने ओला कागद तिथे खाली वाकतो आणि तळाचा रंग उचलतो. एखादी रेषा तुटली तर ढलपा फेकू नका. सुताराच्या सरसाने तो लगेच जागेवर बसवता येतो.

जुळणीच्या खुणांच्या रेषा या टप्प्यावर उठावदार ठेवा, खाच पाडू नका.

## ५. रंगांचे ठसे तयार करणे

रेषांच्या ठशाला, खुणांच्या रेषांसह, काळी शाई लावून पातळ कोरड्या कागदावर तीन छाप घ्या. प्रत्येक रंग-ठशासाठी एक छाप. मातकट रंगाच्या छापावर इमारती आणि होडी पेन्सिलने भरा. निळ्याच्या मोठ्या क्षेत्राच्या छापावर आकाश आणि पाणी भरा, फेस वगळा. तिसरा छाप जपून ठेवलेल्या प्रतीवर, खिडकीच्या काचेवर धरून, पुलाच्या रेषांशी नेमका जुळवा आणि पाण्याच्या सर्व रेषा त्यावर उतरवा. मग हे तीनही छाप पूर्वीप्रमाणेच उरलेल्या बाजूंवर पालथे चिकटवा.

रंगाच्या क्षेत्राची कडा काळ्या रेषेच्या मध्यापर्यंत आत जाऊ द्या, म्हणजे कागद अर्धा मिलिमीटर सरकला तरी पांढरी फट दिसणार नाही. जिथे काळी रेषा नाही, उदाहरणार्थ फेसाच्या कडेला, तिथे ही सवलत नसते. ती कडा नीट कोरा.

सर्व ठसे कोरून झाल्यावरच चारही बाजूंवर जुळणीच्या खाचा पाडा. खुणेच्या रेषेवर सरळ उभा छेद घ्या आणि ज्या बाजूला कागद येणार तिकडचे लाकूड सपाट पटाशीने सुमारे एक मिलिमीटर खोल काढा. कागदाचा कोपरा आणि कडा त्या छोट्या भिंतींना टेकली पाहिजे.

## ६. कागद ओलवणे

छपाईच्या आदल्या रात्री कागद ओलवा. एका कागदावर रुंद ब्रशने पाणी फिरवा, त्यावर दोन कोरडे कागद ठेवा, पुन्हा एक ओला, अशी चळत रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. सकाळी कागद गालाला लावल्यास गार लागावा, पण त्यावर पाण्याची चमक दिसू नये. दहा चांगले छाप हवे असतील तर तेरा-चौदा कागद ओलवा, कारण कोरडे लाकूड पहिले दोन-तीन छाप होईपर्यंत रंग पिऊन घेते.

ओला कागद फुगतो आणि वाळताना आक्रसतो. म्हणून पाचही छपाया होईपर्यंत चळत वाळू देऊ नका. पहिल्या काही छापांत रंग बरोबर बसले आणि शेवटच्या छापांत एकाच दिशेने सरकत गेले, तर दोष ठशाचा नसून कागद वाळत चालल्याचा आहे. काम दुसऱ्या दिवसावर गेले तर चळत फ्रिजमध्ये ठेवा. कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळी हवेत ओल्या कागदाला बुरशी फार लवकर धरते.

## ७. छपाई

रेषांचा ठसा प्रथम छापा, मग मातकट, फिकट निळा, गडद निळा आणि शेवटी विरती छटा. प्रत्येक वेळी ठसा ओल्या फडक्याने पुसून ब्रशने रंग ठेवा, त्यात वाटाण्याएवढी खळ मिसळा, ब्रश गोल फिरवून पसरा आणि शेवटचे हात तंतूंच्या दिशेने मारा. कागदाचा उजवा कोपरा आधी खाचेत बसवा, मग डावी कडा टेकवा, मग बाकीचा कागद सोडा. बारेन नागमोडी फिरवत अंगाचा भार द्या.

रंग कसा बसला हे पहिल्या छापावरच वाचता येते. सपाट निळ्यात तिळासारखे पांढरे ठिपके पडले असतील तर खळ किंवा दाब कमी आहे. रेषांच्या कडांना गडद काठ आला आणि बारीक जागा भरल्या असतील तर पाणी जास्त झाले आहे. ठसा पुसून रंग कमी घ्या. पृष्ठभाग चकाकत असेल तर खळ जास्त आहे. सर्व छापांत रंग एकाच बाजूला तेवढाच सरकलेला दिसला तर त्या ठशाच्या खाचेची भिंत किंचित तासा, किंवा तिथे लाकडाची पातळ कपची चिकटवा.

विरत्या छटेसाठी मोठ्या निळ्या क्षेत्राचा ठसा ओल्या फडक्याने पुन्हा पुसा. रुंद ब्रशच्या एकाच कोपऱ्यावर गडद प्रशियन ब्लू घ्या, उरलेला ब्रश पाण्याने ओला असू द्या, आणि कडेला समांतर डावीकडून उजवीकडे व परत असा फिरवा. रंग कडेला गडद राहून आत विरत गेला पाहिजे. आकाशाची वरची आणि पाण्याची खालची अशा दोन्ही कडा रंगवून एकदमच छापा. जिथे छटा संपते तिथे रेघ उमटली तर ठसा आतल्या बाजूला कोरडा पडला होता असे समजा. एकाच छपाईत हवा तेवढा गडदपणा आणण्याऐवजी तीच छटा दोनदा छापावी. निळा अधिक खोल दिसतो आणि विरणे मऊ राहते.

## ८. वाळवणे आणि ठसे ठेवणे

छाप शोषक कागदांच्या मध्ये ठेवून वर सपाट फळी आणि वजन ठेवा, आणि शोषक कागद दिवसातून दोनदा बदला. उघड्यावर वाळवलेला छाप कडेने सुरकुततो. ठसे साबण न लावता नुसत्या पाण्याने धुवा आणि दोन्ही बाजूंना हवा लागेल असे उभे वाळवा; आडवे ठेवल्यास फळी वाकते आणि पुढच्या वेळी जुळणी बिघडते. प्रत्येक ठशाचा एकेक सुटा छाप घेऊन त्याच्या मागे रंगाचे, पाण्याचे आणि खळीचे प्रमाण लिहून ठेवा, कारण त्याच ठशांवरून काही महिन्यांनी पुन्हा छापताना निळ्याची तीच छटा स्मरणावरून मिळत नाही.